‘अँटिबायोटिक घेतलं आणि सर्दी गेली’, हा समज सहा स्लाइडमध्ये कसा सोडवायचा

गैरसमज आणि फॅक्टवाल्या कॅरोसेल, म्हणजे एकेक स्लाइड स्वाइप करत बघायच्या पोस्ट, मी बऱ्याच बनवल्यात, त्यातली एक सर्दी आणि अँटिबायोटिकवरची होती आणि तिच्यातच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून तीच घेऊन सांगते.

पहिल्यांदा केली तेव्हा साधीच होती. पहिली स्लाइड लाल, वरच्या पट्टीत ‘गैरसमज’ असं लिहिलेलं, खाली मोठ्या अक्षरात "अँटिबायोटिक घेतलं की सर्दी लवकर जाते". पुढची हिरवी, "चूक! अँटिबायोटिकचा सर्दीत काहीच उपयोग नाही". दिसायला एकदम स्वच्छ. पोस्ट टाकून काही दिवस झाले आणि ओळखीतल्या एकीने मला माझीच लाल स्लाइड परत पाठवली, वरची पट्टी कापली गेलेली, आणि खाली मेसेज, "बघ ना, इथे पण लिहिलंय की लवकर जाते". तिची काही चूक नव्हती, तिला तेवढंच मिळालं होतं.

कॅरोसेल बनवणारा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो, बघणारा तसं बघत नाही. कोणी पहिल्याच स्लाइडवर थांबतं, कोणी मधल्या एकीचा स्क्रीनशॉट काढतं आणि तो फॉरवर्ड होतो, आणि तिथून पुढे त्या स्लाइडला ना आधीची सोबत असते ना नंतरची. म्हणून आता मी एक गोष्ट कटाक्षाने बघते, प्रत्येक स्लाइड एकटी वाचली तरी खरी वाटली पाहिजे आणि खरी असली पाहिजे. गैरसमजाचं वाक्य एका अख्ख्या स्लाइडवर एकटं ठेवायचं नाहीच. फुली, लाल रंग, वरची पट्टी यांच्यावर अजिबात विसंबायचं नाही, कारण ते कापलं जातं, लहान स्क्रीनवर दिसत नाही, आणि जे लोक स्क्रीन रीडरवर ऐकतात त्यांना तर रंग कळतच नाही, त्यांना ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्राला जोडलेल्या वर्णनात, जे लिहिलंय तेवढंच ऐकू येतं. ‘हे खरं नाही’ ही गोष्ट वाक्याच्या आतच पाहिजे. "अनेकांना वाटतं की अँटिबायोटिकने सर्दी लवकर जाते, पण तसं होत नाही" हे कसंही कापलं तरी निदान ‘अनेकांना वाटतं’ तरी राहतं.

मग गैरसमजाचा उच्चारच करायचा नाही का? काही जण तसं सांगतात, की तो नुसता परत लिहिला तरी पक्का होतो. यात अर्धं तथ्य आहे. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटायला लागतं, हे 1977 मध्येच प्रयोगात दिसलं होतं आणि नंतरही अनेकदा दिसलंय. पण दुरुस्ती केल्यावर लोक उलट आणखी हट्टाने जुन्या समजाला चिकटतात अशी जी भीती 2010 च्या एका अभ्यासानंतर खूप पसरली, तो परिणाम पुढे मोठ्या प्रमाणावर तपासून बघितला तेव्हा क्वचितच सापडला. त्यामुळे समज एकदा सांगायला हरकत नाही, उलट सांगावाच लागतो, नाहीतर आपण नक्की कशाबद्दल बोलतोय हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. एकदाच सांगायचा, आणि आधी खरी गोष्ट सांगून झाल्यावर.

आता खरा अवघड भाग. लोक हा समज का धरून बसतात? ते अडाणी आहेत म्हणून नाही, त्यांनी ते स्वतः अनुभवलेलं असतं. सर्दी झाली, दोन दिवस अंगावर काढली, तिसऱ्या दिवशी नाक पूर्ण बंद, डोकं जड, झोप नाही, चौथ्या दिवशी वैतागून गोळी घेतली आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं. हे खोटं नाहीये, खरंच झालंय त्यांच्यासोबत. आणि मी येऊन सांगते "चूक!", म्हणजे त्यांच्या कानाला ते कसं ऐकू येतं तर ‘तुझा अनुभव खोटा आहे’. कोण ऐकेल?

याबद्दल 1994 मधला एक प्रयोग मला फार उपयोगी पडला. त्यात लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत तुकड्यातुकड्यांनी वाचायला दिली. आधी सांगितलं की एका कपाटात रंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर ठेवलेले होते, नंतर दुरुस्ती आली की नाही, ते कपाट रिकामंच होतं. लोकांना ही दुरुस्ती लक्षात होती, विचारलं तर ते सांगतही होते, तरीही ‘एवढा काळा धूर का निघाला असेल’ असं विचारल्यावर बरेच जण त्या रंगाच्या डब्यांकडेच वळत होते. कारण डबे काढून घेतले तर आगीचं कारणच उरत नाही, गोष्टीत भोक पडतं, आणि माणसाचं मन भोकापेक्षा चुकीचं का होईना पण काहीतरी कारण पसंत करतं. ज्यांना मात्र आगीचं दुसरं कारण दिलं, म्हणजे आग मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या असं सांगितलं, त्यांच्यात डब्यांचा उल्लेख बराच कमी झाला.

माझ्या पहिल्या कॅरोसेलमध्ये नेमकं हेच राहिलं होतं. मी डबे काढून घेतले आणि भोक तसंच ठेवलं. "अँटिबायोटिकने सर्दी जात नाही", बरं, मग माझी सहाव्या दिवशी कशाने गेली?

तर उत्तर असं आहे. सर्दी व्हायरसमुळे होते, सर्दी करणारे 200 पेक्षा जास्त प्रकारचे व्हायरस आहेत, त्यातल्या त्यात ऱ्हायनोव्हायरस नेहमीचा. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर काम करतं, कोणी बॅक्टेरियाची बाहेरची भिंत बनू देत नाही, कोणी त्यांना प्रोटीन बनवू देत नाही, आणि व्हायरसकडे ना ती भिंत असते ना ती स्वतःची यंत्रणा, म्हणजे औषधाला धरायला काही जागाच नाही. आणि सर्दीचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, नंतर आपोआप उतरायला लागतो, बहुतेकांची सर्दी 7 ते 10 दिवसात ओसरते, खोकला थोडा जास्त दिवस रेंगाळू शकतो. माणूस गोळी कधी घेतो? त्रास सगळ्यात जास्त झाल्यावर. म्हणजे उतार जिथे सुरू होणारच होता नेमक्या तिथेच गोळी येते, आणि श्रेय घेऊन जाते.

हे एकदा लक्षात आलं ना, की कॅरोसेल आपोआप बदलते. मी ती पुन्हा केली ती अशी.

कव्हरवर समज नाही, प्रश्नही नाही. "साधी सर्दी उतरते ती तिच्या वेळेने. अँटिबायोटिक त्यात घाई करू शकत नाही." प्रश्न का नाही, तर "अँटिबायोटिकने सर्दी जाते का?" असं कव्हर जास्त लोक उघडतील कदाचित, पण जे उघडणार नाहीत त्यांच्या डोक्यात नुसती जोडी राहते, अँटिबायोटिक आणि सर्दी, उत्तर नाही. आणि उत्तर न देणाऱ्या कव्हरचा स्क्रीनशॉट फिरला तर त्याचा कोणाला काय फायदा.

दुसऱ्या स्लाइडवर अनुभव. "चौथ्या दिवशी गोळी घेतली, सहाव्या दिवशी बरं वाटलं, म्हणून गोळीनेच बरं झालं असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण साधी सर्दी त्या सुमारास तशीही उतरायला लागते." इथेच समज एकदा सांगून होतो, तोही माणसाला कमी न लेखता. ‘मिथ’ आणि ‘बस्टेड’ वगैरे शिक्के मी काढून टाकले, त्यात जिंकल्याचा सूर येतो आणि समोरचा हरल्याचा.

तिसरी स्लाइड चित्राची, आणि माझ्या मते सगळं काम तीच करते. दोन रेघा, खाली 1 ते 10 दिवस, दोन्ही रेघा तिसऱ्या दिवसापर्यंत वर चढतात आणि मग खाली येतात. एकीवर चौथ्या दिवशी गोळीचं छोटं चित्र, दुसरीवर काहीच नाही. दोन्ही रेघा सारख्याच. खाली एक ओळ, "गोळी घेतलेली आणि न घेतलेली साधी सर्दी, दोन्हींचा प्रवास साधारण असाच असतो." ‘साधारण’ हा शब्द मुद्दाम आहे, कारण कोणाची सहा दिवसात जाते कोणाची बारा, आणि बारा दिवसवाल्याने ते चित्र बघून घाबरू नये.

चौथीत शेंबडाचा रंग, कारण हा प्रश्न येतोच येतो. "हिरवा किंवा पिवळा शेंबूड म्हणजे बॅक्टेरियाच, असं नाही." का, तर जंतूंशी लढायला ज्या पांढऱ्या पेशी येतात त्यांच्यातल्या एका एन्झाइमचाच रंग हिरवा असतो, आणि त्या पेशी व्हायरल सर्दीतही येतात. हे कारण दिल्यावर लोकांचं लगेच समाधान होतं असं मी पाहिलंय, नुसतं ‘रंगावर जाऊ नका’ म्हटल्यावर होत नव्हतं.

पाचवीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं "काहीच उपयोग नाही", आणि ते एका डॉक्टर मैत्रिणीला दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "एखादीला सर्दीनंतर बॅक्टेरियाचा सायनस झालाय, मी तपासून अँटिबायोटिक दिलंय, तिने तुझी पोस्ट वाचून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकीचा समज खोडताना मी दुसऱ्या बाजूचा तितकाच चुकीचा समज तयार करत होते. ‘कधीच’, ‘काहीच’, ‘नेहमी’, ‘100%’ हे शब्द दिसले की आता मी थांबते आणि स्वतःला विचारते की हे ज्याला लागू होत नाही असा माणूस कोण, आणि त्याने हे वाचलं तर तो काय करेल. तर पाचवी स्लाइड त्याच माणसासाठी आहे. "काही वेळा सर्दीच्या जोडीने किंवा नंतर बॅक्टेरियाचा संसर्ग होतो, तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं. डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर ही पोस्ट वाचून बंद करू नका, शंका असेल तर त्यांनाच विचारा." हे तळाशी बारीक अक्षरात टाकायचं नाही, बाकीच्यांएवढ्याच मोठ्या अक्षरात.

सहावी म्हणजे मग करायचं काय. "आराम, पुरेसं पाणी, ताप किंवा अंगदुखी असेल तर त्यासाठीचं औषध डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून. आणि डॉक्टरांकडे कधी जायचं: श्वास घ्यायला त्रास, काही दिवस न उतरणारा ताप, 10 दिवस होऊन गेले तरी सुधारणाच नाही, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा एकदम बिघडलं तर. लहान बाळं, खूप वयस्कर माणसं आणि आधीचा मोठा आजार असलेल्यांनी लवकर दाखवावं." यातली शेवटची खूण, बरं होऊन पुन्हा बिघडणं, ही लोकांना माहीत नसते आणि तीच कामाची, म्हणून मी ती ठळक केली.

भीतीबद्दल आता. या विषयात एक मोह फार होतो, अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू. मी पण आधी काळ्या पार्श्वभूमीवर "उद्या कुठलंच औषध चालणार नाही" अशी स्लाइड केली होती. विषय खरा आहे, गंभीर आहे, पण ती वाचून माणसाने काय करायचं? भीती दाखवली आणि हातात करण्यासारखं काही दिलं नाही तर माणूस बऱ्याचदा ती गोष्टच टाळतो, स्वाइप करून पुढे जातो, किंवा ज्याने आतापर्यंत दहा वेळा गोळ्या घेतल्यात त्याला वाटतं आता माझं काही खरं नाही. म्हणून ती काढली आणि कॅप्शनमध्ये तीन ओळी लिहिल्या, की औषधाला सरावतं ते आपलं शरीर नाही, जंतू सरावतात, प्रत्येक कोर्समध्ये जे बॅक्टेरिया तग धरून राहतात त्यांना वाढायला जागा मिळते, म्हणून गरज नसताना न घेतलेला प्रत्येक कोर्स उपयोगाचा आहे. यात खोटं काही नाही, कमी करून सांगितलेलंही नाही, आणि वाचणाऱ्याच्या हातात काहीतरी राहतं. साइड इफेक्टचंही तसंच, "काहींना जुलाब, मळमळ किंवा पुरळ येऊ शकतं" एवढं पुरे, सगळ्यात भयंकर ॲलर्जीचा फोटो लावायची गरज नाही.

आणि आकडे. भीती सगळ्यात सहज घुसते ती टक्क्यांमधून, आणि गंमत म्हणजे टक्का खोटा नसतो. 1995 मध्ये ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षेच्या समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट होतो, म्हणजे 100 टक्के वाढ. बातम्यांमध्ये तेच आलं. प्रत्यक्षात ते होतं 7000 बायकांमध्ये 1 ऐवजी 2. बऱ्याच जणींनी घाबरून गोळ्या सोडल्या, नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या, पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13,000 जास्त गर्भपात झाले असं सांगितलं जातं, आणि गर्भारपणात तर गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे स्लाइडवर ‘दुप्पट’, ‘50 टक्के जास्त’ असं काही यायला लागलं की मी ते तसं जाऊच देत नाही, ‘किती जणांपैकी किती, आधी किती होतं आणि आता किती’ असं लिहिते, दोन्हीकडे तळाचा आकडा एकच ठेवून. 1000 पैकी 2 आणि 1000 पैकी 3. हे उलट बाजूनेही पाळायचं हं, फायदा सांगतानाही. फायदा टक्क्यांत आणि तोटा माणसांत मोजला की ती चलाखी झाली, हेतू कितीही चांगला असो.

पैशांच्या विषयातही हेच सगळं लागू पडतं, फक्त तिथे समज बऱ्याचदा अर्धा खरा असतो. "क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू भरलं की काही प्रॉब्लेम नाही" हे घ्या. याला सरळ ‘खोटं’ म्हटलं तर तेच खोटं ठरेल, कारण मिनिमम वेळेत भरलं तर सहसा लेट फी लागत नाही, आणि ज्याने हे अनुभवलंय तो तिथेच तुमच्यावरचा विश्वास सोडेल. खरी गोष्ट अशी की लेट फी वाचते पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं, आणि बऱ्याच कार्डांवर नवीन खरेदीलाही मग बिनव्याजी मुदत मिळत नाही. अशा वेळी मी ‘गैरसमज’ असं लिहीतच नाही, "हे खरं आहे, पण अर्धंच" असं लिहिते.

पोस्ट करण्याआधी मी एक चाचणी करते, अजून तरी तिच्याइतकं काही कामाला आलेलं नाही. चार-पाच जण, त्या विषयातले नकोत, त्यांना एकेक स्लाइड सुटी दाखवायची, क्रम मोडून, पाचेक सेकंद, आणि मोबाईल काढून घ्यायचा. मग "समजलं का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "यात काय सांगितलंय ते तुझ्या शब्दात सांग" असं विचारायचं, आणि सगळ्या दाखवून झाल्यावर "मग उद्या सर्दी झाली तर तू काय करशील?" सर्दीच्या कॅरोसेलच्या वेळी एकाने तिसऱ्या स्लाइडच्या चित्रावरून सांगितलं की गोळी चौथ्या दिवशी घ्यायची. नीट बघितलं तर त्याचं बरोबर होतं, गोळीचं चित्र उताराच्या बरोबर सुरुवातीला होतं आणि गडद रंगात होतं, बाण दाखवल्यासारखं, आणि बिनगोळीची रेघ फिक्या राखाडीत, दिसतच नव्हती. मी गोळी लहान केली, दोन्ही रेघांना सारखाच रंग दिला आणि दोन्हींच्या टोकाला शब्दात लिहिलं, ‘गोळी घेतली’ आणि ‘गोळी घेतली नाही’. पुन्हा दुसऱ्या तिघांना दाखवलं. एकीने बघितलं आणि म्हणाली, "अरे, म्हणजे माझी तशीही उतरणारच होती."